लिंक बरोबर, कार्ड चुकीचं

व्हॉट्सॲपवर कुणी लिंक पाठवली की तिच्यासोबत एक चौकट येते. चित्र, ठळक मथळा, एक-दोन ओळींची माहिती आणि संकेतस्थळाचं नाव. वेबसाइटींचं काम करणारे आम्ही लोक तिला कार्ड म्हणतो. माझी तक्रार या कार्डाबद्दल आहे. तक्रार बारीक आहे, पण ती मी मागे घेणार नाही. संस्थेची वेबसाइट करायची ठरली की पाटीच्या रंगावर आठवडा जातो, अध्यक्षांचा फोटो डावीकडे हवा की उजवीकडे यावर बैठक होते, आणि कार्डाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. प्रत्यक्षात पान उघडतात थोडे, कार्ड बघतात सगळे. गटात तीनशे माणसं असतील तर त्या तीनशे जणांसाठी ते कार्ड म्हणजेच ते पान.

अशी कार्डं रोज येतात. एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेची लिंक येते आणि मथळा असतो "Home". शाळेच्या प्रवेशाची लिंक येते आणि माहितीच्या जागी "Just another WordPress site" असं असतं. साइट उभी करताना वर्डप्रेसमध्ये वर्षानुवर्षं हे वाक्य आपोआप यायचं, आणि ते बदलायचं कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. चित्राच्या जागी कधी करड्या रंगाचा गोल असतो, तर कधी देणगीसाठी लावलेला क्यूआर कोड. पान उघडलं तर आत सगळं नीट असतं, म्हणून पान करणाऱ्याला वाटतं की काम झालं.

कार्डातला मजकूर व्हॉट्सॲप स्वतः ठरवत नाही. पानाच्या डोक्यात, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या भागात, काही ओळी लिहिलेल्या असतात आणि ॲप त्या वाचतं. या पद्धतीचं नाव ओपन ग्राफ. फेसबुकनं ती एप्रिल २०१० मध्ये आणली आणि पुढे जवळपास सगळ्या चॅट ॲपनी तीच उचलली. ट्विटरनं, म्हणजे आताच्या एक्सनं, २०१२ मध्ये स्वतःचे वेगळे टॅग आणले, पण ते टॅग नसले तर एक्सही ओपन ग्राफवर भागवतं. एका व्याख्यानमालेच्या पानाला एवढ्या ओळी पुरतात:

```
<meta property="og:title" content="व्याख्यानमाला २०२५">
<meta property="og:description" content="१९ ते २३ जानेवारी, रोज सायंकाळी ६">
<meta property="og:image" content="https://example.org/img/poster-2025.jpg">
<meta property="og:url" content="https://example.org/vyakhyanmala/">
<meta property="og:type" content="website">
```

या ओळी नसल्या तर ॲप अंदाजानं काम चालवतं. पानाचा साधा `<title>` घेतं, सापडलं तर पानातलं एखादं चित्र उचलतं, नाही तर चित्राविनाच कार्ड करतं. पाच ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात. तरीही त्या कुणी लिहायच्या हे कुठल्याही कामाच्या यादीत नसतं. मजकूर देणाऱ्याला वाटतं हे तांत्रिक आहे, आणि तांत्रिक माणसाला वाटतं हा मजकूर आहे.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसलो ती सांगतो. एका गावातल्या जुन्या वाचनालयाची जानेवारीत व्याख्यानमाला असते. गेल्या वर्षी ती १२ ते १६ तारखांना होती, या वर्षी १९ ते २३. वाचनालयाच्या साइटवर नवं पान तयार झालं, त्यावर तारखा बरोबर होत्या, वक्त्यांची नावं बरोबर होती. कार्यवाहांनी ती लिंक सभासदांच्या गटात टाकली. कार्डावर मात्र गेल्या वर्षीचं भित्तिपत्रक आलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत १२ ते १६ जानेवारी. मथळ्यात तारीख नव्हती, माहितीच्या ओळीत वाचनालयाच्या स्थापनेचा इतिहास होता. म्हणजे कार्डावर तारीख एकच होती आणि ती चुकीची होती.

बाराला संध्याकाळी सभागृहाच्या दाराशी माणसं उभी राहिली. बहुतेक सत्तरीच्या पुढची. एक आजी सुनेला घेऊन रिक्षानं आल्या होत्या. वॉचमननं कुलूप दाखवलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, तुमच्याच मेसेजमध्ये बारा तारीख आहे, हे बघ." त्यांनी फोन पुढे केला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मेसेजमध्ये बारा तारीखच होती.

कार्यवाहांनी साइट बघणाऱ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "सर, तुम्ही लिंक उघडून बघा ना, आत एकोणीसच आहे." हे वाक्य मी या धंद्यात फार वेळा ऐकलंय आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. लिंक उघडणं हे वाचणाऱ्याचं कर्तव्य आहे असं धरूनच ते बोललं जातं. सत्तरीतली बाई चित्रावर स्पष्ट तारीख दिसत असताना आणखी एकदा बोट कशाला लावेल? तिनं जे वाचायचं ते वाचलं.

मग कार्यवाहांनी मला बोलावलं. काय झालंय ते शोधायला फार वेळ लागत नाही. पानाचा स्रोत उघडून त्यात `og:` शोधायचं, किंवा संगणकावर ही आज्ञा द्यायची:

```
curl -s -A "WhatsApp/2" https://example.org/vyakhyanmala/ | grep -o '<meta[^>]*og:[^>]*>'
```

मधला `-A "WhatsApp/2"` हा भाग महत्त्वाचा आहे. त्यामुळे सर्व्हरला वाटतं की व्हॉट्सॲपच पान मागतंय. काही ठिकाणी होस्टिंगवाल्यांची सुरक्षा-भिंत अनोळखी यंत्रांना दारातूनच परत पाठवते, आणि ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडणारं पान ॲपला मिळतच नाही. तसं असेल तर या आज्ञेतून `og:` ची एकही ओळ बाहेर येत नाही आणि दुखणं कुठे आहे ते लगेच कळतं. इथे तसं नव्हतं. ओळी आल्या, फक्त त्या जास्त आल्या. त्यातल्या कामाच्या या:

```
<meta property="og:image" content="https://example.org/img/poster-2024.jpg">
<meta property="og:title" content="व्याख्यानमाला २०२५">
<meta property="og:image" content="https://example.org/img/poster-2025.jpg">
```

चित्राचे टॅग दोन. खालचा प्लगइननं टाकलेला, पानाच्या मुख्य चित्रावरून, बरोबर. वरचा कुणीतरी गेल्या वर्षी घाईत थीमच्या हेडर फाइलमध्ये हातानं लिहिलेला. हेडर सगळ्या पानांना लागतो, त्यामुळे गेल्या वर्षीचं भित्तिपत्रक वाचनालयाच्या प्रत्येक पानाला चिकटून बसलं होतं. पुस्तकांच्या यादीला, वर्गणीच्या पानाला, संपर्काच्या पानालाही. आणि ओपन ग्राफच्या नियमावलीतच लिहिलंय की दोन टॅगांत विरोध असेल तर वरून खाली वाचताना जो आधी येईल तो धरायचा. ॲपनं नियम पाळला.

हेडरमधली ती ओळ काढायला एक मिनिट लागलं. माझ्या तक्रारीचा खरा भाग त्याच्या पुढे सुरू होतो.

साइट बघणाऱ्या मुलानं तो बदल ऐकला आणि फेसबुकच्या शेअरिंग डिबगरमध्ये जाऊन पानाचा पत्ता टाकला, "Scrape Again" दाबलं, नवं चित्र दिसलं. त्यानं त्याचा स्क्रीनशॉट गटात टाकला आणि लिहिलं, "सर, झालं दुरुस्त." गटातलं कार्ड मात्र जसं होतं तसंच राहिलं. १२ ते १६ जानेवारी. कार्यवाह गोंधळले. त्यांनी फोन बंद करून चालू केला, ॲप काढून पुन्हा टाकलं. कार्ड तेच.

ते तसंच राहणार होतं, कारण निरनिराळी ॲप कार्ड निरनिराळ्या जागी बनवतात. फेसबुकचा स्वतःचा एक यंत्रवाचक आहे. तो फेसबुकच्या सर्व्हरवरून येतो, पान वाचतो आणि वाचलेलं स्वतःकडे साठवून ठेवतो. त्या साठ्यातलं जुनं काढून नवं भरायचं असेल तर डिबगर कामाला येतो. टेलिग्रामचंही काम सर्व्हरवरच चालतं, आणि तिथे @WebpageBot ला लिंक पाठवली की तो साठा ताजा करतो. व्हॉट्सॲपचं तसं नाही. तिथले संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतात, मधल्या सर्व्हरला ते वाचता येत नाहीत. ज्याला संदेशच वाचता येत नाही तो त्यातल्या लिंकचं कार्ड कसं करणार? म्हणून कार्ड पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच तयार होतं. लिंक टाइप केली किंवा चिकटवली की फोन त्याच क्षणी ते पान मागवतो, टॅग वाचतो, चित्र लहान करतो, आणि "पाठवा" दाबल्यावर मथळा, माहिती आणि छोटं चित्र हे सगळं संदेशाच्या आत घालून पाठवतो. घेणाऱ्याचा फोन साइटकडे काही विचारत नाही. त्याला जे मिळालं ते तो दाखवतो.

म्हणजे पाठवलेलं कार्ड हे पेटीत टाकलेल्या पत्रासारखं आहे. घरी ठेवलेल्या प्रतीत तुम्ही कितीही खाडाखोड केली तरी पत्र बदलत नाही. आणि कुणी तो संदेश फॉरवर्ड केला की तेच कार्ड, तीच चुकीची तारीख पुढच्या गटात जाते. वाचनालयाची लिंक तोवर ज्येष्ठ नागरिक संघाच्या गटात गेली होती, दोन सोसायट्यांच्या गटांत गेली होती, आणि कुणाच्या तरी पुण्यातल्या भावकीच्या गटातही. साइट दुरुस्त झाल्यावरही त्या सगळ्या ठिकाणी बारा तारीखच राहिली.

हे न कळल्यामुळे लोकांचे दिवस वाया जातात. डिबगरमधलं नवं चित्र बघून समाधान मानलं जातं, आणि व्हॉट्सॲपशी त्या डिबगरचा काही संबंध नाही हे कुणी सांगत नाही. आपल्याकडे तर लिंका फेसबुकपेक्षा व्हॉट्सॲपवरच जास्त फिरतात. गावातल्या वाचनालयाचा, मंडळाचा, पतपेढीचा सगळा व्यवहार तिथेच चालतो. तपासणी मात्र भलत्याच ठिकाणी होते.

उपाय एवढाच होता की जुना संदेश पाठवणाऱ्यानं "सर्वांसाठी हटवा" करायचं. त्यालाही साधारण दोन दिवसांची मुदत असते. आपल्या गटातला संदेश गटाचा ॲडमिनही काढू शकतो, पण दुसऱ्या गटांत गेलेल्या प्रतींना आपला हात पोचत नाही. मग लिंक नव्यानं पाठवायची. इथेही एक अडचण येते. त्याच फोननं आधी ते पान वाचलेलं असेल तर तो काही काळ स्वतःकडचंच जुनं कार्ड पुन्हा लावू शकतो. म्हणून पत्त्याच्या शेवटी `?v=2` जोडायचं. पान तेच उघडतं, पण फोनला तो पत्ता नवा वाटतो आणि तो पान पुन्हा मागवतो. आणि कार्ड दिसेपर्यंत थांबून मगच पाठवायचं. घाईत आधीच बटण दाबलं तर लिंक कार्डाविना जाते. कार्यवाहांनी दुसरा संदेश टाकला तेव्हा मी त्यांना तारीख संदेशातही हातानं लिहायला लावली. "काका, आता कार्डावर भरवसा नको, तुम्ही स्वतः लिहा," असं म्हणालो, आणि त्यांनी लिहिलं.

माझं म्हणणं यातूनच येतं. व्हॉट्सॲपपुरतं बोलायचं तर कार्ड नंतर दुरुस्त करता येत नाही. ते पहिल्यांदा पाठवण्याआधीच बरोबर असावं लागतं. पान तयार झालं की आधी स्वतःलाच लिंक पाठवावी, कार्ड डोळ्यांनी बघावं, आणि मगच ती गटात जावी. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःला संदेश पाठवायची सोय आहेच.

स्वतःला पाठवून बघितलं की मराठी पानांत आणखी एक दुखणं हमखास सापडतं. ते इंग्रजी पानांत दिसत नाही, म्हणून थीम करणाऱ्यांना ठाऊक नसतं. `og:description` हातानं न लिहिता पानातल्या मजकुराच्या सुरुवातीवरून आपोआप कापून घेतलं जातं. कापण्यासाठी पीएचपीत बरेच जण हे लिहितात:

```
substr($text, 0, 160)
```

ही आज्ञा अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते. इंग्रजीत अक्षर एका बाइटाचं, त्यामुळे हिशेब जुळतो. देवनागरीत युटीएफ-८ प्रमाणे प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं धरली जातात. सलग देवनागरी मजकुराची त्रेपन्न चिन्हं १५९ बाइटांत संपतात आणि पुढच्या चिन्हाचा एकच बाइट आत येतो. तो एकटा बाइट काहीच वाचता येण्याजोगा नसतो, म्हणून कार्डाच्या शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. शब्दांमधल्या मोकळ्या जागा एकेका बाइटाच्या असल्यानं काप दर पानावर वेगळ्या जागी पडतो. काही पानं योगायोगानं सुटतात, काही फसतात.

याहून वाईट म्हणजे पीएचपी ८.१ च्या आधीच्या आवृत्तींत असा तुटका मजकूर `htmlspecialchars` मधून गेला की ते रिकामी ओळ परत देतं. मग कार्डावर माहितीच येत नाही. एका पानाला माहिती आहे, दुसऱ्याला नाही, आणि दोन्ही पानं एकाच साच्यातून आलेली. मग लोक होस्टिंगवाल्याला दोष देतात, इंटरनेटला दोष देतात, फोन बदलून बघतात. चूक एका शब्दाची असते. `substr` च्या जागी `mb_substr` लिहिलं की निदान बाइट तुटत नाही. तेवढ्यानंही पूर्ण भागत नाही, कारण काप जोडाक्षराच्या मधोमध पडू शकतो आणि "कार्यक्रम"च्या जागी "कार्यक्" राहतं. `grapheme_substr` बरंच जपून कापतं. पण मला विचाराल तर प्रत्येक पानाची माहिती माणसानं लिहावी. ज्याला तारीख, वेळ आणि जागा ठाऊक आहे त्यानं, आणि याच क्रमानं, म्हणजे शेवट कापला गेला तरी तारीख राहते. वाचनालयाच्या त्या कार्डावर स्थापनेचा इतिहास आला होता तो याच आपोआप कापण्यामुळे. पानाची सुरुवातच "वाचनालयाची स्थापना" अशी होती.

मथळ्याचंही एक मराठी दुखणं आहे. आपल्या व्याख्यानांचे विषय अवतरणचिन्हांत लिहायची रीत आहे. तो विषय जसाच्या तसा टॅगमध्ये उतरवला की असं होतं:

```
<meta property="og:title" content="व्याख्यान: "पाणी कुणाचं?"">
```

टॅगमधला मजकूर दुहेरी अवतरणचिन्हानं सुरू होतो आणि पुढचं दुहेरी चिन्ह आलं की संपतो. म्हणून कार्डाच्या मथळ्यात फक्त "व्याख्यान:" राहतं आणि विषय गळून जातो. पानात तो व्यवस्थित दिसत असतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. आतली चिन्हं `&quot;` अशी लिहावी लागतात, किंवा “ ” ही वळणदार चिन्हं वापरावी लागतात. वक्त्यानं महिनाभर विचार करून ठरवलेला विषय असा गळताना बघणं मला सहन होत नाही.

राहिलं चित्र, आणि सगळ्यात जास्त भांडणं त्यावरच होतात. संस्थांकडे चित्र म्हणून जे असतं ते भित्तिपत्रक. उभं, ए-फोर आकाराचं, वर अध्यक्ष, खाली प्रायोजक, मध्ये बारीक अक्षरांत कार्यक्रम. कार्डाला हवं असतं आडवं. फेसबुकची शिफारस १२०० बाय ६३० पिक्सेलची आहे आणि व्हॉट्सॲपलाही तोच आकार मानवतो. उभं भित्तिपत्रक आडव्या चौकटीत घातलं की मधला पट्टा राहतो. त्यात कधी प्रमुख पाहुण्यांची हनुवटी येते, कधी "यांच्या सहकार्याने" एवढंच.

आडवं चित्र केलं तरी एक गोष्ट सांभाळावी लागते. कार्ड नेहमी मोठंच दिसेल असं नाही. पुष्कळदा बाजूला चौरस तुकडाच दिसतो, आणि तो चित्राच्या मध्यातून घेतलेला असतो. १२०० रुंदीच्या चित्रातून मधला ६३० चा चौरस काढला की दोन्ही कडांचे २८५ पिक्सेल जातात. डाव्या कडेला वाचनालयाचं बोधचिन्ह आणि उजव्या कडेला तारीख ठेवली तर दोन्ही जातात आणि मध्ये रिकामी पार्श्वभूमी उरते. म्हणून जे दिसलंच पाहिजे ते मधल्या चौरसात असावं. चित्राचा पत्ता `https://` पासून पूर्ण लिहावा, `/img/poster.jpg` असा अर्धा नको, कारण तो पत्ता नेमका कुठल्या साइटवरचा हे समजून घेण्याचे कष्ट प्रत्येक ॲप घेत नाही. आणि फाइल हलकी ठेवावी. व्हॉट्सॲपची सूचना ६०० केबीच्या आत ठेवा अशी आहे, मी ३००च्या आतच ठेवतो. छापखान्यातून आलेली चार-पाच एमबीची फाइल तशीच लावली की फोन ती सोडून देतो आणि कार्ड चित्राविना जातं. मग "आम्ही तर चित्र लावलं होतं" अशी तक्रार येते. लावलं होतं हे खरं असतं.

काही साइटी पानाच्या मथळ्यावरून चित्र आपोआप तयार करतात. रंगीत पाटी, तिच्यावर मथळ्याची अक्षरं. कल्पना चांगली आहे, पण मराठीत तपासल्याशिवाय कुणी लावू नये. चित्र रंगवणाऱ्या कित्येक लायब्ररी चिन्हं ज्या क्रमानं साठवली आहेत त्याच क्रमानं एकापुढे एक काढतात. "किल्ला" या शब्दात साठवताना क आधी आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर असते, दिसताना मात्र वेलांटी आधी यायला हवी. लायब्ररीला हे ठाऊक नसलं की वेलांटी क च्या उजवीकडे, ल च्या डोक्यावर जाऊन बसते आणि जोडाक्षर फुटून मध्ये हलन्त दिसतो. पीएचपीच्या जीडीत आणि पायथनच्या पिलोत ही अडचण नेहमी येते. पिलोला राक्म ही जोड दिली की अक्षरं नीट जुळतात. तेवढी जोड न देता अक्षरं फुटलेली चित्रं गावभर पाठवली जातात, आणि वाचणारे समजतात की संस्थेला शुद्धलेखन येत नाही.

पुढच्या वर्षासाठी वाचनालयाशी काही गोष्टी ठरल्या आहेत. हेडरमध्ये हातानं लिहिलेला कुठलाही टॅग ठेवायचा नाही. चित्र दर पानाचं वेगळं, आणि ज्या पानाला नसेल त्याला वाचनालयाच्या इमारतीचा फोटो, तारखेविना. तारीख मथळ्यात आणि माहितीत लिहायची, कारण ती तिथे शब्दांत असते आणि बदलता येते. चित्रावर तारीख घालायची नाही. या शेवटच्या कलमावर समितीत बराच वाद झाला. एक सदस्य म्हणाले, "अहो, तारीख नाही तर भित्तिपत्रक कशाला म्हणायचं?" मी म्हणालो, भित्तिपत्रकावर जरूर घाला, भिंतीवर लावा. कार्डासाठी वेगळं चित्र द्या. ते मान्य झालं.

परवा छापखान्यातून कार्डासाठीचं चित्र आलं. उभं आहे, साडेचार एमबीचं आहे, आणि उजव्या कडेला तारीख आहे. परत पाठवलं आहे, आणि सोबत लिहिलंय: १२०० बाय ६३०, जेपीजी, ३०० केबीच्या आत, मजकूर मधल्या चौरसात, तारीख नको.